दगड उघड्यावर किती वर्षं आहे?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सदर्न आल्प्स पर्वतरांगेत मॅकॉले नावाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर, फार पूर्वी डोंगरउतारावरून दगडमातीचा एक मोठा लोंढा खाली आला. वाटेत आलेली माती आणि तिच्यावरची हिरवळ त्याने गाडून टाकली. लोंढा थांबला तेव्हा त्यातले मोठाले धोंडे अर्धे जमिनीत रुतले, अर्धे उघडे राहिले. त्यानंतर ते हललेले नाहीत.

दगडाचं वय सांगण्याचे अनेक मार्ग भूशास्त्रात आहेत, पण ते बहुतेक दगड कधी तयार झाला हे सांगतात. मॅकॉलेच्या धोंड्यांचा खडक कोट्यवधी वर्षांचा आहे आणि त्याच्या जन्मतारखेचा इथे काही उपयोग नाही. जाणून घ्यायचं आहे ते वेगळंच: हा धोंडा उघड्या आकाशाखाली कधी आला? हिमनदी मागे हटली आणि खालचा कातळ उघडा पडला, किंवा कडा कोसळला आणि आतला दगड बाहेर आला, तो क्षण कोणता? दगडात त्या क्षणाची नोंद असते. ती बेरिलियम-१० नावाच्या एका दुर्मीळ अणूच्या रूपात असते, आणि धोंड्याच्या वरच्या काही सेंटीमीटरमध्ये ती सगळ्यात चांगली वाचता येते.

अवकाशातून पृथ्वीवर सतत वैश्विक किरण येत असतात. हे किरण म्हणजे प्रचंड वेगाने धावणारे कण, मुख्यतः प्रोटॉन. वातावरणातल्या वायूंच्या अणूंवर ते आदळतात आणि त्या टकरींतून दुय्यम कणांचा वर्षाव सुरू होतो. त्यातले वेगवान न्यूट्रॉन जमिनीपर्यंत पोचतात आणि खडकात शिरतात. खडकात गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ हे खनिज असेल, तर त्यात सिलिकॉनच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू असतात. ऑक्सिजनच्या केंद्रकात आठ प्रोटॉन आणि आठ न्यूट्रॉन. एखादा न्यूट्रॉन त्यावर असा आदळतो की त्यातले चार प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन निखळून जातात. मागे उरतात चार प्रोटॉन आणि सहा न्यूट्रॉन. हेच बेरिलियम-१०. निसर्गात आढळणाऱ्या साध्या बेरिलियमपेक्षा, म्हणजे बेरिलियम-९ पेक्षा, त्यात एक न्यूट्रॉन जास्त असतो.

अशा यशस्वी टकरी अगदी विरळा होतात. ध्रुवांकडच्या प्रदेशात समुद्रसपाटीवर ठेवलेल्या एक ग्रॅम क्वार्ट्झमध्ये वर्षभरात बेरिलियम-१० चे जेमतेम चार अणू तयार होतात. उंचावर हवेचं पांघरूण पातळ असतं, त्यामुळे हजार मीटरवर हा आकडा साधारण दुप्पट होतो. विषुववृत्ताकडे गेलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधिक किरण परतवून लावतं आणि आकडा घटतो. खडकाच्या आत शिरलं की तो फार झपाट्याने कोसळतो. चाळीसेक सेंटीमीटर खाली अणू निर्माण होण्याचा वेग निम्म्यावर येतो, तीन मीटरवर तो शेकडा एकपेक्षाही कमी उरतो. म्यूऑन नावाचे कण आणखी खोल जातात, पण पृष्ठभागावर त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. म्हणून पन्नास मीटर बर्फाखाली किंवा कड्याच्या पोटात दडलेला खडक जवळजवळ कोरा असतो. बर्फ हटला, कडा फुटला, की त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते.

बेरिलियम-१० किरणोत्सारी आहे, त्यामुळे ते नष्टही होत असतं. पण त्याचा अर्धायुकाल सुमारे १३ लाख ८७ हजार वर्षांचा आहे. दहा हजार वर्षांत त्यातलं अर्धा टक्काही कमी होत नाही. शेवटच्या हिमयुगापासून आजपर्यंतच्या घटनांसाठी हा हिशेब जवळजवळ निव्वळ भागाकाराचा राहतो: एका ग्रॅममध्ये सापडलेले अणू भागिले दर वर्षी तयार होणारे अणू.

पागोळीखाली ठेवलेल्या घागरीत किती पाणी जमलं हे मोजता येतं. पण ती कधीपासून तिथे आहे हे सांगायला पागोळीतून तासाला किती पाणी पडतं हेही ठाऊक असावं लागतं. या साऱ्या पद्धतीची नाडी या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि तो बरोबर ठरायला संशोधकांना दोन दशकांहून अधिक काळ लागला. मॅकॉलेच्या त्या लोंढ्याचं महत्त्व इथेच आहे.

या हिशेबाची मुळं मुंबईपर्यंत पोचतात. १९५०च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथे बर्नार्ड पीटर्स आणि त्यांचे तरुण सहकारी देवेंद्र लाल वैश्विक किरणांचा अभ्यास करत होते. हे किरण वातावरणात कोणकोणते किरणोत्सारी अणू घडवतात आणि ते अणू पावसातून, समुद्राच्या गाळातून कसे शोधता येतील, हा त्यांचा विषय होता. पावसाच्या पाण्यात आणि खोल समुद्राच्या तळगाळात बेरिलियमचे हे अणू शोधणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या गटांमध्ये मुंबईचा हा गट होता. लाल पुढे अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेचे संचालक झाले, नंतर कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत गेले. उंची आणि अक्षांश बदलले की खडकात अणू तयार होण्याचा वेग कसा बदलतो, याची त्यांनी १९९१ मध्ये मांडलेली गणिती पद्धत पुढच्या सुधारणांसह आजही वापरली जाते. न्यूझीलंडमधल्या धोंड्याची तुलना नॉर्वेतल्या धोंड्याशी करायची, तर दोघांनाही समुद्रसपाटीच्या एकाच मापावर आणावं लागतं आणि तिथे लाल यांचं गणित कामाला येतं.

पण अणू मोजायचे कसे? इथे प्रत्यक्ष काम किती नाजूक आहे ते पाहण्यासारखं आहे. डोंगरात पोचल्यावर संशोधक दिसेल तो दगड फोडत नाहीत. हिमनदीने वाहून आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाला हिमोढ म्हणतात; त्याच्या माथ्यावरचा, मीटर-दीड मीटर उंचीचा, जमिनीत पक्का रुतलेला आणि सपाट माथ्याचा धोंडा ते निवडतात. उंच अशासाठी, की मातीखाली किंवा बर्फाखाली तो झाकला गेला असण्याची शक्यता कमी. रुतलेला अशासाठी, की तो कलंडला नसेल. छिन्नी-हातोड्याने वरचे दोन-चार सेंटीमीटर काढले जातात. एका धोंड्यातून साधारण किलोभर दगड पुरतो. मग चारही बाजूंच्या डोंगरांचे कोन मोजले जातात, कारण जेवढं आकाश डोंगरांनी झाकलं असेल तेवढे किरण त्या धोंड्याला कमी मिळालेले असतात.

प्रयोगशाळेत दगड भरडून चाळला जातो आणि त्यातलं क्वार्ट्झ वेगळं केलं जातं. पुढची पायरी सर्वांत निर्णायक आहे. पावसातूनही बेरिलियम-१० जमिनीवर पडत असतं, आणि तेही थोडंथोडकं नाही: दर चौरस सेंटीमीटरवर वर्षाला दहा लाखांच्या आसपास अणू. क्वार्ट्झच्या कणांना चिकटलेलं हे परकं बेरिलियम राहिलं, तर दगडात जागच्या जागी तयार झालेले मूठभर अणू त्यात बुडून जातील. म्हणून क्वार्ट्झ सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लात पुन्हा पुन्हा धुतलं जातं. प्रत्येक धुण्यात कणांचं वरचं कवच विरघळून जातं, इतर खनिजंही जातात आणि स्वच्छ गाभा उरतो. हे आम्ल काच खातं आणि हाडापर्यंत इजा करतं, त्यामुळे हे काम विशेष खबरदारीनेच करावं लागतं.

शुद्ध क्वार्ट्झ मग तीव्र आम्लात पूर्ण विरघळवतात आणि त्यात साध्या बेरिलियम-९ ची नेमकी मोजलेली मात्रा मिसळतात, मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा वगैरे. दगडातून आलेलं बेरिलियम इतकं कमी असतं की ते एकट्याने हाताळताच येत नाही; त्याला सोबत लागते. शिवाय मोजायचं असतं ते या दोन बेरिलियमचं गुणोत्तर. मॅकॉलेसारख्या धोंड्याचं उदाहरण घेऊ. त्याच्या एका ग्रॅम क्वार्ट्झमध्ये ऐंशी-नव्वद हजार अणू असतील आणि दहा ग्रॅम क्वार्ट्झ घेतलं, तर हाती साधारण साडेआठ लाख अणू येतात. त्यांच्यासोबत मिसळलेले बेरिलियम-९ चे अणू किती? एकास सोळा लाख कोटींच्या जवळपास. या गर्दीतला तो एक शोधायचा आहे.

हे काम त्वरक यंत्र करतं. बेरिलियमच्या ऑक्साइडची भुकटी यंत्रात ठेवतात, तिच्यातून आयन उडवतात, लाखो व्होल्टच्या विद्युतदाबाने त्यांना वेग देतात आणि चुंबकांच्या साहाय्याने वजनानुसार वेगळं करतात. अडचण असते ती बोरॉन-१० ची. त्याचं वस्तुमान बेरिलियम-१० इतकंच असल्यामुळे चुंबक फसतो. पण बोरॉनच्या केंद्रकात एक प्रोटॉन जास्त असतो, त्यामुळे वायूतून किंवा पातळ पडद्यातून जाताना त्याची ऊर्जा लवकर संपते. ते मागेच अडकतं, बेरिलियम पुढे जातं आणि एकेक अणू मोजला जातो. भारतात अशी मोजणी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात होते.

प्रत्येक तुकडीबरोबर एक नमुना असाही चालवतात ज्यात दगडच नसतो. फक्त आम्लं आणि मिसळलेलं बेरिलियम-९. त्यात जे बेरिलियम-१० सापडेल ते प्रयोगशाळेतलं प्रदूषण, आणि ते वजा करायचं. बाजारात मिळणाऱ्या बेरिलियममध्येही थोडं बेरिलियम-१० असतं, म्हणून काटेकोर प्रयोगशाळा खोल खाणीतल्या, वैश्विक किरणांपासून सुरक्षित राहिलेल्या खनिजातून स्वतःचं बेरिलियम-९ काढतात.

अणूंची मोजणी झाली. उरला प्रश्न दर वर्षी तयार होणाऱ्या अणूंचा.

तो ठरवण्याचा सरळ मार्ग म्हणजे जिचं वय दुसऱ्या पद्धतीने पक्कं माहीत आहे अशी एखादी जागा शोधायची, तिथल्या दगडातले अणू मोजायचे आणि वर्षांनी भागायचं. १९८९ मध्ये कुनिहिको निशिइझुमी आणि सहकाऱ्यांनी हे कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात केलं. त्या सहकाऱ्यांत देवेंद्र लालही होते. हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइट तिथे विपुल आहे. बर्फ हटल्याचा काळ त्यांनी अकरा हजार वर्षांपूर्वीचा धरला आणि समुद्रसपाटीसाठी आकडा आला वर्षाला सहा अणू. पण नंतर तिथल्या तळ्यांतल्या गाळाच्या अभ्यासातून दिसलं की बर्फ त्याआधीच, तेरा हजार वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही अगोदर, हटला होता. वर्षं वाढली, म्हणजे दर वर्षाचे अणू घटले. दरम्यान मोजणीची प्रमाण द्रावणं आणि बेरिलियम-१० चा अर्धायुकाल यांतही दुरुस्त्या झाल्या. २००८च्या सुमारास जगभरच्या जागांची सरासरी काढून साडेचारच्या आसपासचा आकडा सर्वत्र वापरला जाऊ लागला. त्या जागांचे निकाल मात्र एकमेकांशी फारसे जुळत नव्हते.

मॅकॉलेचा लोंढा इथे उपयोगी पडला. लोंढ्याखाली जी माती गाडली गेली होती तिच्यात वनस्पतींचे अवशेष शाबूत होते. त्यांच्या दहा नमुन्यांची रेडिओकार्बन पद्धतीने वयं काढली गेली. ती एकमेकांशी घट्ट जुळली आणि लोंढ्याची तारीख ठरली: २००८ या वर्षाच्या मागे ९,६९० वर्षं, चूक फार तर पन्नास वर्षांच्या आगेमागे. अॅरन पटनम आणि सहकाऱ्यांनी त्या लोंढ्याच्या पृष्ठभागावरचे सात मोठे धोंडे निवडले आणि त्यांतलं बेरिलियम-१० मोजलं. सातही धोंड्यांच्या आकड्यांतली तफावत अवघी दोन टक्के निघाली.

ही दोन टक्के म्हणजे साधी गोष्ट नाही. सातपैकी एखादा धोंडा नंतर गडगडला असता, एखाद्यात डोंगरावर असतानाचे जुने अणू शिल्लक असते, एखाद्याचा पापुद्रा निघाला असता, तर त्याचा आकडा बाजूला पडला असता. सातही एकाच रेषेत येतात याचा अर्थ ते एकाच वेळी उघड्यावर आले आणि तसेच राहिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून समुद्रसपाटीसाठी आकडा मिळाला वर्षाला सुमारे ३.८ ते ३.९ अणू. गणिताच्या वेगवेगळ्या पद्धतींनी तो थोडा मागेपुढे होतो, पण आधीच्या प्रचलित आकड्यापेक्षा तो १२ ते १४ टक्क्यांनी कमी होता. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या जागांवरून ग्रेग बाल्को आणि सहकाऱ्यांना आदल्याच वर्षी असाच कमी आकडा मिळाला होता. दोन गोलार्धांतले दोन स्वतंत्र निकाल एकाच बाजूला बोट दाखवत होते.

पटनम यांनी आणखी एक पडताळा घेतला. जवळच्याच पुकाकी सरोवराच्या परिसरात असे हिमोढ आहेत जे १८,०६० वर्षांपूर्वी तिथे असलेच पाहिजेत, हे रेडिओकार्बनने ठरलेलं आहे. म्हणजे त्यांचं वय याहून कमी असूच शकत नाही. जुन्या आकड्याने त्या धोंड्यांची वयं काढली तर ती या मर्यादेच्या अलीकडे येत होती. नव्या आकड्याने काढली तेव्हा ती तिच्या पलीकडे, जिथे असायला हवीत तिथे, गेली.

बारा-चौदा टक्क्यांनी असा काय फरक पडतो? हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यात फार मोठा पडतो. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी युरोप आणि उत्तर अटलांटिकभोवती एकदम कडाक्याची थंडी परतली. हा यंगर ड्रायस काळ. त्याच्या आधी, साधारण १४,७०० ते १३,००० वर्षांपूर्वी, अंटार्क्टिकाकडे थंडीचा असाच एक टप्पा येऊन गेला होता. न्यूझीलंडच्या हिमनद्या यांपैकी कोणत्या थंडीला प्रतिसाद देत होत्या, हा जुना आणि चुरशीचा वाद आहे. त्यांनी युरोपच्या थंडीत हातपाय पसरले असतील, तर ती थंडी जगभर पसरली असं मानावं लागतं. अंटार्क्टिकाच्या थंडीत पसरले असतील, तर दोन गोलार्ध वेगळ्या तालावर चालत होते.

पुकाकी सरोवराच्या वरच्या बाजूला बर्च हिल नावाचे हिमोढ आहेत. नव्या आकड्याने त्यांचं वय तेरा हजार वर्षांच्या घरात येतं, म्हणजे अंटार्क्टिकाच्या थंडीच्या अखेरीस. जुना आकडा धरला असता तर त्याच अणूंमधून साधारण ११,३०० वर्षं निघाली असती, म्हणजे यंगर ड्रायसही संपल्यानंतरची. धोंडे तेच, अणू तेच. वर्षाला अर्धा-पाऊण अणू इकडे की तिकडे यावर निष्कर्ष पालटतो. यंगर ड्रायसच्या काळात न्यूझीलंडच्या हिमनद्या वाढत नव्हत्या, मागे हटत होत्या, हे मायकेल कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी आयरिशमन स्ट्रीमच्या हिमोढांवरून दाखवलं. त्याचा पाया मॅकॉलेच्या लोंढ्यात आहे.

पण योग्य आकडा हाती असला तरी धोंडा खरं बोलतोच असं नाही. तो दोन दिशांनी चुकवू शकतो. डोंगराच्या कड्यावर असताना त्याने आधीच किरण झेलले असतील, तर ती जुनी शिल्लक नव्या खात्यात मिसळते आणि वय फुगतं. दरड कोसळते तेव्हा बहुतेक दगड कड्याच्या आतून येतो, तो कोरा असतो. परंतु जुन्या उताराच्या वरच्या दोन-तीन मीटरमधला एखादा धोंडा त्यात असतोच. उलट दिशेची चूक अधिक सर्रास होते. हिमोढाच्या पोटात बर्फ राहिलेला असतो, तो वितळला की बांध खचतो, धोंडे कलंडतात, मातीखाली गेलेले वर येतात. पाऊस-थंडीने पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात. अशा धोंड्यांचं वय कमी भरतं.

हिवाळ्यातला बर्फही अणू चोरतो. वर्षातले चार महिने धोंड्यावर मीटरभर बर्फ साचत असेल, तर त्या काळात सहावा हिस्सा किरण अडतात, आणि वर्षाच्या हिशेबात अणूंची निर्मिती पाच-सहा टक्क्यांनी घटते. गेल्या दहा हजार हिवाळ्यांत तिथे किती बर्फ पडला हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच वारा बर्फ झटकून टाकेल असे उंच धोंडे निवडायचे, आणि एका बांधावरचे एक-दोन नव्हे तर पाच-सात मोजायचे. त्यांचे आकडे एकवटले तर विश्वास ठेवायचा. पसरले तर त्यांची सरासरी काढून मोकळं होणं धोक्याचं आहे. आधी प्रत्येक धोंड्याची जागा, झीज आणि आजूबाजूची जमीन पुन्हा पाहावी लागते.

आणि वय बिनचूक निघालं तरी ते कशाचं वय, हा प्रश्न उरतोच. न्यूझीलंडच्याच पश्चिम किनाऱ्याकडे, फ्रान्झ जोसेफ हिमनदीच्या खाली, वायहो लूप नावाचा मोठा अर्धवर्तुळाकार हिमोढ आहे. गाडलेल्या लाकडाच्या रेडिओकार्बन तारखांवरून १९९४ मध्ये जॉर्ज डेंटन आणि ख्रिस हेंडी यांनी तो यंगर ड्रायसच्या थंडीचा पुरावा ठरवला. २००७ मध्ये टिमथी बॅरोज आणि सहकाऱ्यांनी त्याच्या धोंड्यांतले बेरिलियम-१० आणि क्लोरिन-३६ मोजून वय काढलं साडेदहा हजार वर्षांच्या आसपास, म्हणजे त्या थंडीनंतरचं. त्यांचे बेरिलियमचे आकडे अर्थातच जुन्या दराने काढलेले होते. नव्या दराने ते हजाराहून अधिक वर्षांनी मागे सरकतात. तारखांचा हा वाद चालू असतानाच २००८ मध्ये तोवार, शुलमाइस्टर आणि डेव्हिस यांनी साधी गोष्ट पाहिली: लूप कसल्या दगडाचा आहे? फ्रान्झ जोसेफच्या इतर हिमोढांत शिस्ट या खडकाचे तुकडे भरलेले आहेत. लूपमध्ये मात्र मुख्यतः टोकदार कडांचा वालुकाश्म आहे. हिमनदीने दूरवर घासत आणलेल्या दगडांच्या कडा अशा तीक्ष्ण राहत नाहीत. त्यांचा निष्कर्ष असा, की वरच्या खोऱ्यात एक प्रचंड दरड हिमनदीवर कोसळली. दगडांच्या थराखाली बर्फ झाकला गेला, वितळणं मंदावलं आणि हवामान थंड न होताही हिमनदी पुढे सरकली.

हे खरं असेल, तर लूपच्या धोंड्यांतले अणू एका दरडीची तारीख सांगतात, थंडीची नाही. अणू मोजणारं यंत्र हा फरक करू शकत नाही. तो फरक दगडाची जात आणि त्याच्या कडा पाहणाऱ्या माणसाने करायचा असतो. या क्षेत्रातला सगळ्यात मोलाचा धडा हाच आहे, असं वाटतं.

सह्याद्रीतल्या दरडींचं काय, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच. माळीण, तळीये, इर्शाळवाडी इथल्या दुर्घटनांच्या तारखा आपल्या काळजात आहेत. पण त्यांच्या कितीतरी आधी कोसळलेल्या कड्यांच्या जुन्या खुणाही घाटात आहेत. दुर्दैवाने बेरिलियमचं हे घड्याळ तिथे चालत नाही. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट क्वार्ट्झशिवायचा खडक आहे. त्याच्या पोकळ्यांत गारगोट्या आणि स्फटिक मिळतात, पण कड्याच्या हव्या त्या धोंड्यावर त्या मिळतील याची शाश्वती नाही. बेसाल्टसाठी क्लोरिन-३६ किंवा हेलियम-३ मोजावं लागतं आणि त्यांचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा असतो.

न्यूझीलंडमध्ये प्रश्न अणू किती हा होता. अँडीज पर्वतात काही वर्षांपूर्वी प्रश्न उलटा विचारला गेला: अणू आहेत तरी का? कोलंबिया, पेरू आणि बोलिव्हिया या देशांतल्या चार हिमनद्या आज मागे हटत आहेत आणि त्यांच्या कडेला नुकताच उघडा पडलेला मूळ कातळ दिसतो. अँड्र्यू गोरिन, जेरेमी शाकुन आणि सहकाऱ्यांनी त्या कातळाचे नमुने घेतले. त्यांचा तर्क सरळ होता. गेल्या ११,७०० वर्षांत, म्हणजे शेवटचं हिमयुग संपल्यापासून, या हिमनद्या कधी आजच्याइतक्या किंवा आजच्याहून आखूड झाल्या असतील, तर तेव्हा हाच कातळ उघडा पडला असणार. इतक्या उंचीवर अणू समुद्रसपाटीच्या कितीतरी पट वेगाने तयार होतात, तेव्हा काही शतकांचं उघडेपणही त्यात ठळक उमटलं असतं. २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेला निकाल असा, की जवळजवळ सर्व नमुन्यांत बेरिलियम-१० शून्याच्या आसपास होतं.

शून्यावर मात्र लगेच विश्वास ठेवता येत नाही. सरकती हिमनदी खालचा कातळ खरवडत असते. कातळ पूर्वी उघडा पडला होता, पण नंतर बर्फ परतला आणि त्याने वरचे दोन-तीन मीटर खरवडून काढले, तर अणूंची नोंदच पुसली गेली असेल. या शंकेसाठी त्याच क्वार्ट्झमधला दुसरा अणू मोजला गेला: कार्बन-१४. तोही वैश्विक किरणांमुळे दगडाच्या आतच तयार होतो, पण त्याच्या निर्मितीत खोलवर जाणाऱ्या म्यूऑनचा वाटा मोठा असतो. वरचा थर खरवडला गेला तरी खालच्या कातळात बेरिलियमपेक्षा कार्बन-१४ अधिक टिकून राहायला हवा. शिवाय त्याचा अर्धायुकाल अवघा ५,७०० वर्षांचा आहे, त्यामुळे हिमयुगापूर्वीची जुनी शिल्लक बर्फाखाली बरीचशी विरून जाते आणि अलीकडच्या उघडेपणाचीच नोंद उरते. तोही जवळजवळ सर्वत्र शून्याच्या आसपास निघाला. दोन्ही अणू एकाच वेळी पुसून टाकेल अशी झीज चारही ठिकाणी झाली असेल असं मानण्यापेक्षा, हा कातळ गेल्या ११,७०० वर्षांत कधी उघडा पडलाच नव्हता हे मानणं अधिक सोपं आहे.

या शून्यातून काय कळत नाही हेही गोरिन यांच्या तर्कातच आहे. हिमनदी त्या काळात किती मोठी होती, ती कधी वाढली, कधी आक्रसली, याबद्दल कातळ काही सांगत नाही. तो फक्त एवढंच सांगतो, की तिची कड या जागेच्या वर कधी गेली नाही. कधी वाढली ते खाली, दरीत उभ्या असलेल्या हिमोढांवरच्या धोंड्यांना विचारावं लागतं. आणि तिथे पुन्हा तेच काम समोर येतं: कलंडलेले धोंडे वगळायचे, बर्फाचा अंदाज बांधायचा आणि उरलेल्या अणूंना मॅकॉलेसारख्या जागांवरून ठरलेल्या दराने भागायचं.